सोळा हजार अठ्ठ्याहत्तर

डोंगर आयुष्यात एकदाही न चढलेली बाई डोंगर चढणाऱ्यांना वाट आखून देते, हे ऐकायला विचित्र वाटतं खरं. पण गिर्यारोहणाच्या त्या ऑफिसात बावीस वर्षं हेच चाललं होतं. मागच्या खोलीत, दोरांच्या वेटोळ्यांच्या आणि ओल्या तंबूंच्या वासात, ती एका टेबलाशी बसायची आणि मोहिमेचा तक्ता बनवायची. कुठल्या दिवशी कुठे मुक्काम, किती चढण, कुठे एक दिवस जास्त थांबायचं, कुणाचं डोकं दुखायला लागलं तर काय करायचं, हे सगळं त्या तक्त्यात. वाटाडे तिला फूटपट्टी म्हणायचे. तोंडावर ताई, पाठीमागे फूटपट्टी. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं काही वाटत नव्हतं. माणसाला एका वयानंतर कशाकशाचं वाटून घ्यायचं?

"ताई, उंटावरून शेळ्या बऱ्या हाकता!" असं एखादा नवा वाटाड्या म्हणायचा. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं. "हाकते. पण एकही शेळी हरवलेली नाही अजून."

हे खरं होतं, आणि या एका गोष्टीचा तिला मनातून गर्व होता. बाकी गर्व करावा असं तिच्याजवळ फारसं काही नव्हतं. एक गुडघा लहानपणीच दुखावलेला, लग्न झालं नाही, घरी आई. आईला दिसायचं कमी आणि बोलायचं जास्त. सकाळी आईचं सगळं आवरून, चार जिने उतरून, ऑफिसचे दोन जिने चढून ती टेबलाशी बसायची तेव्हाच तिचा निम्मा दिवस संपलेला असायचा. दमणं तिच्या पाचवीलाच पुजलं होतं. पूर्वी ती झोपून उठली की दमणूक जायची. आता ती दमणूकही तिच्याबरोबरच उठायची.

तक्त्यातलं तिचं खरं काम म्हणजे उंच्या. नकाशे सगळे मीटरमध्ये, आणि येणारी गिऱ्हाइकं फुटांत बोलणारी. चार हजार मीटर म्हटलं की त्यांचा चेहरा कोरा; तेरा हजार फूट म्हटलं की डोळे चमकायचे. त्यात जुन्या वाटाड्यांकडचे अल्टिमीटरही फुटांचे. अल्टिमीटर म्हणजे मनगटी घड्याळाच्या थोरल्या भावासारखं एक यंत्र, हवेचा दाब मोजून उंची दाखवणारं. ते आपोआप खरं बोलत नाही. हवा बदलली की त्याचा काटा माणूस जागचा न हलताही सरकतो. म्हणून ज्या मुक्कामाची उंची पक्की माहीत आहे तिथे सकाळी काटा त्या आकड्यावर लावायचा आणि मग पुढे निघायचं. तो पक्का आकडा कोण देणार? ही.

त्यामुळे ती एक फूट म्हणजे शून्य पूर्णांक तीन शून्य चार आठ मीटर हा हिशेब देवाच्या नावासारखा पाळायची. मीटरचा आकडा त्याने भागायचा, अपूर्णांक शेवटीच सोडायचा, मग आलेल्या फुटांना त्याच आकड्याने गुणून उलटा ताळा बघायचा, की मूळ मीटर परत येतात का. आले तरच शाईने लिहायचं. जिथे आकडा अंदाजाचा असेल तिथे पुढे "सुमारे" लिहायचं. साहेब म्हणायचे, "ताई, एवढं कोण बघतं?" ती म्हणायची, "काटा बघतो."

हा काटा सगळ्यांत जास्त मानणारा माणूस म्हणजे थोरले. ऑफिसातले सगळ्यांत जुने वाटाडे, वय साठीला टेकलेलं, हात खडबडीत, बोलणं कमी. सगळे त्यांना थोरलेच म्हणत, कारण त्यांचा पुतण्याही तिथेच वाटाड्या होता आणि तो धाकटा. ताई मात्र त्यांना दादा म्हणायची. ती पहिल्यांदा नोकरीवर आली तेव्हा तिला मीटर-फूट काही कळत नव्हतं. तिला पहिला धडा थोरल्यांनीच दिला होता.

"हे बघ, चालता चालता गिऱ्हाईक विचारतं, एवढे मीटर म्हणजे फूट किती? तेव्हा कागद-पेन्सिल कुठली? मीटरची तिप्पट करायची आणि त्या तिपटीत तिचाच दहावा भाग मिळवायचा. झालं."

"बरोबर येतं?"

"जरा जास्तच येतं. पण गिऱ्हाईक खूश होतं. जास्त आलेलं कुणाला नको असतं?"

थोरल्यांनी हे वाटेवर बोलायला शिकवलं होतं, लिहायला नव्हे. तिने ते बावीस वर्षं तसंच ठेवलं, बोलण्यापुरतं.

थोरल्यांच्या आयुष्यात एक शिखर राहिलं होतं. वाटाडे त्याला टकल्या म्हणायचे, कारण त्याला टोक नव्हतंच. वर सगळा रुंद, गुळगुळीत बर्फ, आणि एका बाजूला दरीवर लोंबणारी बर्फाची कड. चढायला फार अवघड नाही, पण तिथली हवा महालहरी. थोरले तीनदा गेले आणि तीनदा परत आले. एकदा वाऱ्याने, एकदा गिऱ्हाइकाच्या खोकल्याने, एकदा स्वतःच्या तापाने. त्यांच्याकडे एक वही होती. पुढच्या पानांवर जमलेली शिखरं, मागच्या पानांवर अर्ध्यातून परत आलेली. मागच्या पानांवर टकल्या तीन वेळा होता. या वर्षी ते म्हणाले, "एकदा शेवटचं जातो. मग तुमचे दोर तुम्हाला आणि माझी चटई मला."

त्या मोहिमेचा तक्ता तिने जीव ओतून केला. गाडीरस्ता संपतो तिथे दोन हजार सहाशे पन्नास मीटर, म्हणजे आठ हजार सहाशे चौऱ्याण्णव फूट. मग मुक्काम हळूहळू वर. तीन हजार मीटरच्या पुढे निजायची जागा एका दिवसात पाचशे मीटरहून जास्त चढवायची नाही, मध्ये एक दिवस नुसता थांबण्याचा, हे तिने ठळक अक्षरात लिहिलं. शेवटचा मुक्काम चार हजार दोनशे मीटर, तेरा हजार सातशे ऐंशी फूट. प्रत्येक आकड्याचा उलटा ताळा घेतला. आता फक्त शेवटची ओळ राहिली होती, शिखराची. चार हजार आठशे बहात्तर मीटर लिहून झालं होतं. फुटांची जागा रिकामी होती, तेवढ्यात शेजारणीचा फोन आला की आई न्हाणीघरात पडली.

पुढचे तीन तास ती हॉस्पिटलच्या बाकावर होती. आईच्या खुब्याचा फोटो काढायला नेलं होतं. आत आई ओरडत होती, बाहेर ही कागदांवर सह्या करत होती, आणि तेवढ्यात साहेबांचा फोन. छपाईवाला तक्ता घेऊन बसलाय, त्याला प्लास्टिकमध्ये बंद करून द्यायचंय, मंडळी पहाटे निघणार. शिखराचे फूट कुठेत?

"साहेब, मी उद्या..."

"उद्या काय ताई? एक आकडा सांगा आणि सुटा."

तिच्याजवळ कागद नव्हता. होता तो हॉस्पिटलचा, त्यावर आईचं वय लिहिलेलं. तिने डोळे मिटले. चार हजार आठशे बहात्तर, त्रिक चौदा हजार सहाशे सोळा. त्याचा दहावा भाग चौदाशे एकसष्ट आणि वर काही. बेरीज सोळा हजार अठ्ठ्याहत्तर.

"सोळा हजार अठ्ठ्याहत्तर," ती म्हणाली. "सध्या एवढं घाला, मी नंतर बघते."

'सुमारे' म्हणायचं राहिलं. तेवढ्यात आतून नर्सने हाक मारली. आणि तो "नंतर" काही आला नाही. दुसऱ्या दिवशी आईचं ऑपरेशन, मग आठ दिवस उशाशी, मग घरी आणून बसवणं, उठवणं, पुसणं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं तिचा गुडघाही सुजला. त्या आकड्याची तिला स्वप्नातही आठवण झाली नाही. आणि आकडा दिसायलाही कसा, अगदी नीटनेटका. सोळा हजार म्हटला असता तर कुणीही ओळखलं असतं की अंदाज आहे. शेपटीला अठ्ठ्याहत्तर लागल्यावर कोण शंका घेणार?

ती ऑफिसात परतली तेव्हा थोरले परत आले होते. वर न पोचता. डाव्या पायाची दोन बोटं बर्फाने काळी पडली होती आणि डॉक्टरांनी ती काढून टाकली होती. बरोबर गेलेलं गिऱ्हाइकांचं जोडपं धडधाकट होतं, कुरकूर करत घरी गेलं होतं. वाटाडे हळू आवाजात बोलत होते. "थोरल्यांचं टकल्याशी जमलंच नाही शेवटपर्यंत," असं कुणीतरी म्हणालं. तिला वाईट वाटलं. पण तिच्याकडे त्या दिवसांत वाईट वाटून घ्यायलाही वेळ अपुरा होता. थोरल्यांचा अहवाल आला होता, तो तिने फाइलला लावला आणि आईच्या औषधाची वेळ झाली म्हणून घरी गेली.

तीन आठवड्यांनी टकल्यावर दुसरी तुकडी निघायची होती, या वेळी धाकट्याबरोबर. तोच तक्ता तारखा बदलून द्यायचा होता. दुपारची वेळ, खोलीत कुणी नाही, पंखा कुरकुरतोय. तिने सवयीने एकेका आकड्याचा उलटा ताळा घ्यायला सुरुवात केली. मुक्काम सगळे चोख आले. शेवटी शिखर. सोळा हजार अठ्ठ्याहत्तर गुणिले शून्य पूर्णांक तीन शून्य चार आठ.

चार हजार नऊशे एक.

तिला वाटलं बोट घसरलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच आलं. शेजारी छापलेले मीटर चार हजार आठशे बहात्तर. एकोणतीस मीटर कुठून आले? मग तिने सरळ भागाकार केला. पंधरा हजार नऊशे चौऱ्याऐंशी फूट. तक्त्यात चौऱ्याण्णव फूट जास्त होते. आणि हॉस्पिटलचा तो बाक, तो फिनेलचा वास, ते तिप्पट आणि दहावा भाग, सगळं एकदम तिच्या अंगावर आलं.

ती उठली आणि फाइल काढली. थोरल्यांचा अहवाल पेन्सिलीने लिहिलेला, अक्षर थरथरतं.

"पहाटे शेवटच्या मुक्कामावर काटा तेरा हजार सातशे ऐंशीला लावला. उपग्रहाचं यंत्र थंडीने बंद. बारा वाजून दहा मिनिटांनी काटा सोळा हजारांवर. तक्त्याप्रमाणे अजून अठ्ठ्याहत्तर फूट वर. दाट धुकं, पाच पावलांपलीकडे दिसत नाही. हवा बिघडत आहे, म्हणजे काटा जास्त दाखवतो आहे. खरं अंतर शंभर फूट तरी असावं. जमीन सपाट, चढ सापडत नाही. उजवीकडे लोंबती कड, तिकडे मंडळींना नेणार नाही. त्यांना बसवून मी दोर लावून चाळीस मिनिटं चढ शोधला. नाही मिळाला. उभा होतो तिथे लाल फडक्याची काठी रोवली. एक वाजता परतायचं ठरलेलं. परत."

तिने ते तीनदा वाचलं. हवा बिघडली की काटा वर सरकतो, म्हणजे सोळा हजार दाखवणारा काटा खरं तर पंधरा हजार नऊशे ऐंशीच्या आसपास होता. शिखराची खरी उंची पंधरा हजार नऊशे चौऱ्याऐंशी. चढ सापडत नव्हता, कारण चढ उरलाच नव्हता. थोरले शिखरावर उभं राहून शिखर शोधत होते. आणि त्या चाळीस मिनिटांत त्यांच्या पायाची बोटं गेली होती.

ती खुर्चीत बसली ती बराच वेळ उठली नाही. रडू आलं नाही. रडायलाही अंगात जरा ताकद लागते.

साहेबांना सांगायला गेली तेव्हा साहेब फोनवर होते. त्यांनी ऐकून घेतलं, फोन उलटा ठेवला आणि दार लोटलं.

"आकडा दुरुस्त करा आणि विषय संपवा. धाकट्याच्या तक्त्यात बरोबर गेलं की झालं."

"आणि दादा?"

"त्यांना सांगून काय त्यांची बोटं उगवणारेत? झाकली मूठ सव्वा लाखाची, ताई. शिवाय ते नक्की वरच होते हे तरी कशावरून? काट्यावर पैज लावता?"

हे बोलणं तसं चुकीचं नव्हतं, आणि म्हणूनच तिला जास्त बोचलं. दाबाच्या काट्यात पन्नास-शंभर फुटांची चूक सहज होते, हे तीच तक्त्याच्या तळाशी लिहायची. कदाचित ते शिखराच्या खांद्यावर, शेजारच्या जरा खालच्या सपाटीवर असतील. मग जाऊन सांगायचं काय? की तुम्ही कदाचित पोचला होतात, आणि बोटं नक्कीच माझ्यामुळे गेली?

तिने नवा तक्ता केला. बैल गेला आणि झोपा केला, असं स्वतःला म्हणत केला. तो घ्यायला धाकटा आला. तिशीतला, काकांसारखाच रुंद खांद्यांचा, पण तोंडाने सुटा. तिने त्याला जुना आणि नवा तक्ता शेजारी शेजारी ठेवून दाखवला, आणि सगळं सांगितलं.

त्याने दोन्ही आकड्यांवरून बोट फिरवलं.

"काकांना सांगितलंत?"

"तू वर जा. काठी बघ. माथ्यावर असली तर सांगते."

"आणि नसली तर?"

तिने नवा तक्ता त्याच्यापुढे सरकवला.

"म्हणजे काठी मिळाली तर तुम्ही आनंदाची बातमी घेऊन जाणार, आणि नाही मिळाली तर तोंड झाकून बसणार," धाकटा म्हणाला. "ताई, मला तुमचा राग नाही. म्हणजे आहे, पण आई पडल्यावर कुणाचं डोकं ठिकाणावर राहतं? पण काका रोज संध्याकाळी मला विचारतात, तो चढ कुठे असेल रे? नकाशा उघडून बसतात. त्यांना वाटतं, त्यांचंच डोकं तिथे फिरलं, पातळ हवेने. म्हणतात, मी म्हातारा झालो, मला समोरचा डोंगर दिसेना."

त्याने तक्ता उचलला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर ती थोरल्यांकडे गेली. शेजारणीला आईजवळ बसवून गेली, म्हणजे तासाभरात परत यायला हवं होतं. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर दोर अडकवायचे रिकामे खुंट. थोरले खिडकीशी, पाय स्टुलावर, पट्टी बांधलेला. मांडीवर नकाशा. वहिनी, त्यांची बायको, स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभ्या.

"ये, बाई. आई कशी आहे?"

"बरी आहे. दादा, मला सांगायचंय काहीतरी."

तिने वाटेत वाक्यं जुळवली होती, ती सगळी पळाली. तिने सरळ तक्ता पुढे ठेवला आणि बोट ठेवून सांगितलं. हे मीटर बरोबर, हे फूट चूक. घाईत तोंडी सांगितले. चौऱ्याण्णव फूट जास्त. तुमचा काटा खरं बोलत होता. तुम्ही बहुतेक वरच होतात. नक्की नाही, पण बहुतेक. आणि ती चाळीस मिनिटं तुम्ही माझ्या आकड्यामागे फिरलात.

वहिनी दारातून पुढे आल्या.

"त्यांच्या पायाकडे बघ एकदा," त्या म्हणाल्या. "बघ ना. रात्र रात्र ठणकतो. आणि तू तीन आठवड्यांनी येतेस."

"वहिनी, मला कालच..."

"हो, तुला कालच कळलं. आम्हाला तीन आठवडे कळतंय."

त्या आत गेल्या. भांडं जोरात ठेवल्याचा आवाज आला. थोरले तक्त्याकडे बघत होते. ओठ हलत होते, हिशेब करत होते.

"तिप्पट आणि दहावा भाग," ते म्हणाले.

"हो."

"कुणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच."

"लिहायला नव्हतं शिकवलं."

"नाही. लिहायला नव्हतं."

त्यांनी तक्ता घडी घालून नकाशाखाली सरकवला आणि खिडकीबाहेर बघू लागले. आता हे ओरडतील, निदान जा म्हणतील, असं तिला वाटलं. त्यांनी दोन्ही केलं नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, "आई एकटी असेल. जा तू." एवढंच. आवाजात राग नव्हता आणि मायाही नव्हती. ती जिना उतरली तेव्हा गुडघ्याने प्रत्येक पायरीला आठवण करून दिली.

पुढचे नऊ दिवस तिने काम केलं म्हणजे काय केलं, हे तिलाच सांगता आलं नसतं. आईला भरवलं, तक्ते केले, उलटे ताळे घेतले. एका साध्या टेकडीच्या उंचीचा ताळा पाच वेळा घेतला. वाटाडे कुजबुजत होते. कुणी फूटपट्टी म्हणेनासं झालं, आणि ते तिला जास्त लागलं. दहाव्या दिवशी साहेब म्हणाले की धाकटा उतरलाय, मंडळी सुखरूप आहेत. एवढंच सांगून ते फोनकडे वळले. शिखराचं काय, हे विचारायचा तिला धीर झाला नाही.

संध्याकाळी धाकटा तिच्या टेबलाशी आला. चेहरा उन्हाने सोललेला, ओठ फाटलेले. तो बसला नाही.

"चला," तो म्हणाला.

"कुठे?"

"काकांकडे. एकदाच सांगणार आहे, दोनदा सांगायची ताकद नाही माझ्यात."

घरात वहिनींनी दार उघडलं, तिच्याकडे बघितलं आणि बाजूला झाल्या. थोरले तिथेच, खिडकीशी. धाकट्याने खिशातून फोन काढला, एक फोटो उघडला आणि काकांच्या हातात दिला.

"हवा स्वच्छ होती. वर पोचलो तेव्हा चारही बाजूंना सगळं खाली दिसत होतं. माझ्या यंत्रात चार हजार आठशे सत्तरच्या आसपास येत होतं. आणि तिथे तुमची काठी होती, काका. फडकं फाटलंय, पण लाल आहे. माथ्यावरच. मी पावलं मोजली, सगळ्यांत उंच जागेपासून सहा पावलं."

थोरल्यांनी फोन जवळ धरला, लांब धरला, पुन्हा जवळ धरला. वहिनी मागून वाकून बघत होत्या. फोटोत निळं आभाळ होतं, पांढरी सपाट जमीन, आणि मध्ये एक वाकलेली काठी. त्यापलीकडे काही नव्हतं. वर जायला काही उरलेलंच नव्हतं.

"सहा पावलं," थोरले म्हणाले.

"सहा. चाळीस मिनिटांत तुम्ही ती सहाही चालला असाल, दहादा."

थोरल्यांनी फोन खाली ठेवला. कोनाड्यातली वही मागितली. वहिनींनी आणून दिली. त्यांनी मागची पानं उघडली, टकल्याची चौथी नोंद काढली आणि तिच्यावर एक आडवी रेघ मारली. मग पुढचं पान उघडून वही आणि पेन ताईपुढे धरलं.

"तू लिही. माझा हात थरथरतो."

तिने वही घेतली. तारीख लिहिली. शिखर लिहिलं. मग थांबली.

"उंची मीटरमध्येच लिही," थोरले म्हणाले. "फूट नकोत."

तिने चार हजार आठशे बहात्तर लिहिलं. एकेक आकडा सावकाश, शाळकरी पोरीसारखा. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिने ते पुसलं नाही, कारण दोन्ही हात वहीवर होते. धाकटा खाली बसला होता, भिंतीला टेकून, डोळे मिटून. वहिनी उभ्याच होत्या.

"झालं?" थोरल्यांनी विचारलं.

"झालं."

"अजून एक ओळ लिही." ते पट्टी बांधलेल्या पायाकडे बघत होते. "वर कुणी दहा मिनिटांहून जास्त थांबत नाही. फोटो काढतात आणि उतरतात. मी चाळीस मिनिटं होतो. ते लिही."

तिने लिहिलं. शाई वाळेपर्यंत तिने वही उघडी धरून ठेवली. मग वहिनींनी ती तिच्या हातातून काढून घेतली, स्वतः एकदा वाचली, आणि म्हणाल्या, "बस घटकाभर. चहा टाकते."

"आई एकटी आहे, वहिनी."

"माहितीय. अर्धा कप घे."